मॅक्युला डेन्सा चव घेते

शरीरक्रियाशास्त्राचे विभागप्रमुख माझ्यापुढे दोन उत्तरपत्रिका ठेवून म्हणाले, "वाच. दोन्हीतली तिसरी ओळ वाच."

मी वाचली. एकीत माझं अक्षर होतं, दुसरीत माझ्या खोलीतल्या मुलीचं. वाक्य मात्र एकच होतं, काना-मात्रेसकट. रक्तदाब कमी झाला की शरीर तो वर कसा आणतं, असा प्रश्न होता, आणि आम्ही दोघींनी लिहिलं होतं: मॅक्युला डेन्सा मिठाची चव घेते आणि रेनिन सोडते.

"हे चूक आहे," सर म्हणाले. "मॅक्युला डेन्सा हा मूत्रपिंडातला पेशींचा पुंजका, तो फक्त मीठ ओळखतो आणि निरोप देतो. रेनिन सोडतात शेजारच्या रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या पेशी. बरोबर उत्तर शंभर जणांचं सारखं येऊ शकतं. पण हीच चूक, याच शब्दांत? दोन डोक्यांतून आपोआप नाही येत. आणि तू तिच्याच मागच्या बाकावर बसली होतीस."

बस. खटला संपला. तिला कॉलेजात सगळे 'पहिली' म्हणतात, कारण आल्यापासून ती प्रत्येक परीक्षेत पहिली आहे. मी मागच्या वर्षी याच विषयात आपटलेली, म्हणून धाकट्या वर्गाबरोबर बसणारी. चोरी झाली असेल तर चोर कोण, हे विचारायचीही गरज कुणाला वाटली नाही. आमच्याकडे नियम असा की याच विषयात दुसऱ्यांदा नापास झालं की नाव पटावरून कटतं. पेपर रद्द म्हणजे नापास. म्हणजे डॉक्टरकी संपली, सामान बांधा आणि घरी चला.

मी सरांना सांगितलं की आम्ही दोघी एकाच कार्डांवरून अभ्यास करतो. सगळं सांगितलं. कार्डाच्या पुढे एक प्रश्न, मागे एक उत्तर. एका कार्डावर साखळीतला एकच दुवा, सगळी साखळी कोंबायची नाही. उत्तर आधी तोंडाने म्हणायचं, मगच कार्ड उलटायचं. बरोबर आलं तर कार्ड डब्यातल्या पुढच्या कप्प्यात, म्हणजे ते आणखी उशिरा समोर येणार. चुकलं तर परत पहिल्या कप्प्यात, उद्या पुन्हा हजर. विसरायला लागलो की नेमकं तेव्हा विचारायचं, त्यातच सगळी गंमत आहे. हृदय आणि फुप्फुसं मी लिहिली, मूत्रपिंड आणि ग्रंथी पहिलीने टाइप केल्या, आणि दोघींनी दोन-दोन प्रती काढल्या. ती ओळ तिच्या कार्डावरची आहे, सर.

सरांनी पहिलीला बोलावलं. ती आली, ओढणी सारखी केली आणि भिंतीकडे बघत उभी राहिली.

"हिने तुझं बघून लिहिलं का?"

"मला माहीत नाही, सर. मी माझ्या पेपरात बघत होते."

"ही कार्डांचं काहीतरी म्हणते आहे."

"कार्डं सगळेच करतात, सर. तिच्या कार्डांवर काय आहे, मला काय माहीत."

मी तिच्याकडे बघतच राहिले. या मुलीला कार्डं कशाशी खातात ते मी शिकवलं. ती पिवळ्या पेनाने अख्खं पुस्तक रंगवून बसायची, चार-चारदा वाचायची आणि विचारलं की ओठांवर आहे पण येत नाही म्हणायची. तिला पुस्तक मिटायला मी लावलं. कोऱ्या कागदावर बाण काढायला मी लावलं. यकृतातून अँजिओटेन्सिनोजेन, त्यावर रेनिनची कात्री, मग फुप्फुसात दुसरं एन्झाइम, मग रक्तवाहिन्या आवळणार आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथी अल्डोस्टेरॉन सोडणार, हे सगळं आम्ही एकमेकींना जेवणाच्या रांगेत विचारायचो. आणि आता हिला काय माहीत.

मी माझा कार्डांचा डबा आणून दाखवते म्हटलं. सर म्हणाले, "छापलेले कागद आहेत. आज दुपारीही छापून आणशील. परवा समितीपुढे ये, काय सांगायचं ते तिथे सांग."

घरी फोन केला. आईने ऐकलं आणि म्हणाली, "एका हाताने टाळी वाजत नाही गं. तूही काहीतरी केलं असशीलच." सख्खी आई. मग दादाने फोन घेतला आणि हात जोडून माफी माग, वर्ष वाचव म्हणाला. न केलेल्या चोरीची माफी. मी दोघांनाही खडसावून फोन ठेवला आणि मग जिन्यात बसून रडले, कारण रडू आलं होतं.

रडून झाल्यावर डोकं चालायला लागलं. ती चूक इतके महिने माझ्या डोक्यात राहिलीच कशी? मी तर ते कार्ड एकदाही चुकले नव्हते. म्हणजे दर वेळी "बरोबर" म्हणून ते पुढे सरकत गेलं आणि शेवटच्या कप्प्यात जाऊन महिन्यातून एकदा दिसायला लागलं. कार्ड विचारतं तुला आठवतं का. ते खरं आहे का, हे विचारत नाही. खोटं लिहून ठेवलं तर खोटंही तितकंच पक्कं होतं, आणि पक्कं झालं की त्याच्याकडे कुणी बघतही नाही. माझी कार्डं मी पुस्तक समोर ठेवून लिहिली होती. पहिलीने तिची एका बैठकीत, वर्गात ऐकलेल्यावरून टाइप केली होती. "पुस्तक कशाला, मला येतं," असं म्हणत. आणि पहिली म्हणते आहे म्हणजे बरोबरच असणार, असं मानणारी मीही तेवढीच बावळट.

मी ग्रंथालयात जाऊन तिचं एकेक कार्ड पुस्तकाशी ताडून पाहिलं. बहुतेक सगळी चोख होती. पण आणखी दोन चुकीची सापडली, आणि दोन्ही परीक्षेत आली नव्हती. मी त्यांची बरोबर उत्तरं पुस्तकातून उतरवून घेतली, डब्यात ठेवली आणि डबा बंद केला.

खोलीवर गेले तेव्हा पहिली पलंगावर बसून कार्डं उलटत होती. सरांकडून आल्यापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. मला बघून म्हणाली, "तू माझ्यावर रागावली आहेस का?" असा प्रश्न विचारायला काय काळीज लागतं ते तिचं तिलाच ठाऊक. मी झोपते आहे म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

समितीत विभागप्रमुख, एक प्राध्यापिका आणि परीक्षेच्या दिवशीच्या पर्यवेक्षिका होत्या. पर्यवेक्षिका म्हणाल्या की त्यांनी मला मान वर करताना पाहिलेलं नाही, पण बाकं जवळ होती. जवळ होती म्हणजे झालंच की. तसं तर शेजारी राहणारा प्रत्येक माणूस दरोडेखोर ठरेल. हे मी मनात म्हणाले. तोंडाने म्हणाले, "सर, दोन डोक्यांतून तीच चूक त्याच शब्दांत येत नाही, असं तुम्ही म्हणालात. मला ते करून दाखवायचं आहे."

मी एक पाकीट पुढे केलं. "यात दोन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं. ती उत्तरं पहिली कशी देईल, ते मी शब्दाला शब्द लिहिलं आहे. हे प्रश्न पेपरात नव्हते. मी बाहेर बसते. तुम्ही तिला विचारा."

"हा काय जादूचा खेळ आहे का?" सर म्हणाले. पण प्राध्यापिकांनी पाकीट उघडलं, प्रश्न वाचले, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "बोलवा तिला," त्या म्हणाल्या.

मी बाहेर बाकावर बसले. पहिली माझ्यासमोरून आत गेली. दार नीट बंद होत नव्हतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

प्राध्यापिकांनी विचारलं, "शरीरात पाणी राखणारं एडीएच कुठे तयार होतं?"

पहिली अडखळली नाही. ती कधीच अडखळत नाही. "मागच्या पिट्युटरीत तयार, तिथूनच रक्तात पाठवणी."

चूक. ते तयार होतं मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये. मागची पिट्युटरी फक्त साठवते आणि सोडते.

"आणि अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडाच्या कुठल्या भागात काम करतं?"

"सुरुवातीच्या नळीत. सोडियमला दारातच अडवून घरात घेतं."

सुरुवातीच्या नाही, शेवटच्या. पण 'घरात घेतं' हे तिच्या कार्डावरचंच, 'दारातच अडवून' हेही तिथलंच. मला आत बोलावलं तेव्हा पहिली तिथेच उभी होती, माझा कागद टेबलावर उघडा होता आणि पर्यवेक्षिका तो पुन्हा पुन्हा वाचत होत्या.

"हे तू पाठ केलेलं तिचंच आहे," सर म्हणाले. अजून हार मानवत नव्हती. "पण म्हणून पेपरात पाहिलं नाहीस, असं कुठे ठरतं?"

"नाही ठरत, सर. पण पाहिलं असंही ठरत नाही. तुमच्याकडे तेवढी एकच ओळ होती. ती मी तिच्या पेपरात पाहून लिहिली असेल तर ही दोन कुणाच्या बाकावरून आणली? ही तर पेपरातच नव्हती." माझा आवाज चढला होता आणि मी तो उतरवला नाही. "आणि तिच्या मागे मी बसले म्हणून मी चोर. मी पुढे आणि ती मागे असती, तरी चोर मीच झाले असते. हो की नाही ते सांगा."

प्राध्यापिका पहिलीकडे वळल्या. "ही कार्डं तू केलीस?"

पहिलीने मान हलवली. होकाराची होती.

"मग त्या दिवशी माहीत नाही का म्हणालीस?"

"मला वाटलं, चूक माझी आहे म्हटलं तर..." तिने पुन्हा ओढणी सारखी केली.

त्याच दिवशी संध्याकाळी पेपर कायम ठेवल्याचा कागद मिळाला. चुकीच्या ओळीचे गुण कापले होते, ते रास्तच होतं. मी पास होते. माफी कुणी मागितली नाही. सरांनी कागदावर सही केली आणि पेनाचं टोपण लावलं, एवढंच.

खोलीवर मी सामान बांधत होते. वरच्या मजल्यावरच्या खोलीत एक पलंग रिकामा होता. पहिली दारात आली. डोळे सुजलेले होते, आणि खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. पण मग ती बोलली.

"तुला ती दोन कार्डं चुकीची आहेत हे माहीत होतं. दोन दिवस माहीत होतं. मला सांगितलं असतंस तर मी बरोबर उत्तर दिलं असतं."

"हो," मी म्हणाले. "म्हणूनच नाही सांगितलं."

तिला ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती माझ्या पलंगावर बसली. मी डब्याचं झाकण लावलं आणि तिची सगळी कार्डं, बरोबर असलेली आणि चुकलेली, टेबलावर तिच्यासाठी ठेवून जिना चढले.