लांबी आणि पिवळा रंग

साकीनाक्याच्या एका गल्लीत पुठ्ठ्याचे खोके बनवायचा कारखाना. श्रुतिका तिथली सेफ्टी सुपरवायझर, आणि तीन दिवसांत तिने एकच अहवाल किती वेळा लिहून खोडला असेल ते तिलाच ठाऊक. घटना एवढीशीच. मंगळवारी सकाळी फिटर सहदेव पंखा उतरवायला लाकडी शिडीवर चढला, वरून चौथी पायरी तुटली आणि गडी आठ फुटांवरून खाली आला. टाच मोडली, मनगट मोडलं. कारखाना निरीक्षकांना सूचना गेली होती. आता चौकशी अहवाल तेवढा राहिला होता.

"अगं, 'मूळ कारण' मध्ये लिही ना, कामगाराचा निष्काळजीपणा," मॅनेजर मितेश दारातूनच म्हणाला. "शिफारस, पुन्हा प्रशिक्षण. खलास काम."

"सहदेवकाकांना दोन मेमो आधीच आहेत. तिसरा लागला की घरी."

"मग मी काय करू यार? त्याने स्वतः जबाब दिलाय. माझाच पाय सरकला म्हणतो."

मितेश गेला. श्रुतिकाचं डोकं भणभणत होतं. पाय सरकला तर माणूस पडेल, हो, पण पायरी कशाला मोडेल? एवढं तर शेंबडं पोरही सांगेल. पण कंटाळलेल्या माणसाला सोपं उत्तर फार गोड लागतं, आणि श्रुतिका कंटाळली होती हो, अगदी विटली होती. शेवटी ती उठली आणि कोपऱ्यात लाल पट्टी बांधून ठेवलेल्या शिडीपाशी जाऊन बसली.

मोडलेल्या पायरीवरचा पिवळा ऑइलपेंट तिने किल्लीने खरवडला. रंगाखाली लांबी, म्हणजे भेगा बुजवायची पुट्टी, निघाली. लाकडाची एक बाजू पांढरीफट, नुकती मोडलेली. दुसरी काळपट, धूळ आणि तेल मुरलेली. म्हणजे तडा जुना होता. आधी तडा, मग लांबी, मग रंग.

खरं सांगायचं तर तिला किल्लीची गरजच नव्हती. तिला सगळं माहीत होतं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी यंत्रं धुणं चाललं होतं. मालक पूजेला येणार, फोटो निघणार, म्हणून हत्यारं, हातगाड्या, शिड्या, सगळ्यांना रंग लागत होता. सहदेव ब्रश हातात घेऊन तिच्याकडे आला होता. "मॅडम, ह्या पायरीक तडो गेलोहा." ती हार मोजत होती. वर न बघता म्हणाली, "लांबी भरून रंग मारा काका. पूजा होऊ दे, मग बघू."

मग बघू! आपल्याकडे या दोन शब्दांनी जेवढी हाडं मोडली असतील तेवढी कुणी मोडली नसतील. पूजा झाली, शिडीला झेंडूची माळ लागली, पेढे वाटले गेले. पुढच्या महिन्याच्या तपासणीत तिने त्या चकाचक शिडीपुढे स्वतःच्या हाताने टिक केली होती. तो तक्ता तिच्या फाइलमध्येच होता. शिडीबद्दलचं ते बोलणं मात्र दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातल्या एकाने आपल्याच पायावर आळ घेतला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी आपणहून मान पुढे करतोय. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

ती टेबलाशी आली आणि या वेळी खोडाखोड न करता लिहीत सुटली.

'तात्काळ कारण: तडा गेलेली पायरी मोडली. तडा लांबी व रंगाने झाकला गेल्याने दिसत नव्हता. मूळ कारण: कामगाराने तडा दाखवूनही सेफ्टी सुपरवायझर श्रुतिका यांनी शिडी वापरातून काढली नाही, रंगवायला सांगितली. मासिक तपासणी नुसत्या नजरेने केली. सहदेव यांची चूक आढळली नाही. शिफारशी: लाकडी शिड्यांना रंग लावू नये, पारदर्शक वॉर्निश चालेल. तडा दिसताच शिडीला लाल चिठ्ठी बांधून ती बाद करावी. ही चौकशी दुसऱ्या कुणी पुन्हा करावी, कारण चौकशी करणारीच यात गुंतलेली आहे.'

मितेशने वाचलं आणि कपाळाला हात लावला. "वेडी आहेस का गं? तिसरा मेमो आता तुझ्या नावाने निघेल."

"निघू दे," ती म्हणाली. आवाजात ना शौर्य होतं ना रडू. नुसता थकवा.

संध्याकाळी ती हॉस्पिटलच्या वॉर्डात गेली. सहदेवचा पाय प्लास्टरमध्ये, हात गळ्यात. तिने खाटेशेजारी उभं राहून अहवाल सगळा वाचून दाखवला.

"काका, खोटं का सांगितलंत?"

"तुमची नोकरी नवी. माका वाटला, जाऊंदे." मग चांगल्या हाताने त्याने डोळे पुसले. "पण खरा सांगू मॅडम? तुमी कधी येऊन ह्या बोलतास, म्हणून मी तीन दिस दाराकडे बघी होतंय."