खाली जाणारी बॅग

विमानातले वरचे कप्पे भरले होते, म्हणून गेटवरच्या बाईंनी आमची छोटी बॅग खाली सामानात टाकायला मागितली. बाबा गेले त्या दिवशी दादाने दवाखान्यातलं त्यांचं सगळं सामान त्या बॅगेत कोंबलं होतं. ती घरी गेल्यावर आईसमोरच उघडायची, असं आमचं ठरलं होतं.

"आत पॉवर बँक आहे का?"

"आहे, बाबांची," दादा म्हणाला. "बंद आहे हो, राहू द्या ना."

"बंद असली तरी खाली चालत नाही. तिथे पेटली तर विझवायला कोण जाणार? काढा, आणि किती वॉट-अवरची आहे ते बघा."

दादा माझ्याकडे वळला. "तूच काढ. घरातली शास्त्रज्ञ ना तू!"

मी फरशीवर बसून चेन ओढली. चष्मा, कंगवा, मग चुरगळलेला सदरा. त्याला अजून त्यांच्या तेलाचा वास येत होता. रडू येईल असं वाटलं होतं, पण काहीच झालं नाही. पॉवर बँक सदऱ्यात गुंडाळलेली होती. मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं : वीस हजार एमएएच, ३.७ व्होल्ट. मी मनात गुणाकार केला.

"चौऱ्याहत्तर वॉट-अवर."

"मग सोबत न्यायला चालेल, शंभरच्या आत आहे. तिच्या चार्जिंगच्या तोंडाला ही चिकटपट्टी लावा आणि जवळच ठेवा, वरच्या कप्प्यात नको."

मी चिकटपट्टी लावली. दादाने चेन बंद केली, तरी सदरा माझ्याच हातात होता.

"कपडे खाली चालतात," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे," मी म्हणाले आणि सदरा घेऊन रांगेत उभी राहिले.