कोपऱ्यातलं ते काढ

मुलाखत दुपारी होती. धाकटीने सकाळीच टेबल आवरलं, लॅपटॉपच्या कॅमेऱ्याने फोटो काढला आणि ताईला पाठवला. बाबांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून धाकटीची नोकरी सुटली होती. ताई लांब राहायची, एका कंपनीत माणसं निवडायचं काम करायची. तिचा लगेच फोन आला.

"खिडकी पाठीशी घेऊ नकोस, तोंड काळं दिसतं. टेबल फिरव. आणि लॅपटॉपखाली जाड पुस्तकं ठेव, नाहीतर त्यांना तुझ्या नाकपुड्याच दिसतील."

धाकटी हसली. टेबल फिरवलं, औषधांच्या बाटल्या आणि वायरींचं जंजाळ उचललं, पुन्हा फोटो पाठवला.

"आता कसं झकास! फक्त कोपऱ्यातलं ते काढ. पांघरुणांचा ढीग आहे ना तो?"

फोन स्पीकरवर होता. ढिगाने मान वर केली.

"मीच आहे गं," बाबा म्हणाले.

ताई चाचरत म्हणाली, "बाबा, तसं नाही हो..."

"अगं, बरोबर बोललीस. बस चालवली मी जन्मभर. मागचं आरशात कसं दिसतं, ते मला शिकवतेस होय?"

धाकटीने मागचं धूसर करून पाहिलं. जुना लॅपटॉप अडखळायला लागला, पडद्यावर तिचा एक कानच गायब झाला. घरात दुसरी खोली नव्हती. शेवटी बाबांनीच हट्ट धरला. तिने त्यांना धरून स्वयंपाकघरात नेलं, खुर्चीत उशी देऊन बसवलं, कॉट घडी करून दाराआड उभी केली. मागे नुसती स्वच्छ भिंत उरली.

मुलाखत चांगली चालली होती. मग समोरच्या बाईंनी विचारलं, "मधे खंड दिसतोय."

"वडील आजारी होते."

"आता ती जबाबदारी नाही ना?"

धाकटीने पडद्यावर स्वतःकडे पाहिलं. नीटनेटकं टेबल, मोकळी भिंत. त्या घरात आजारी माणूस आहे असं कुणाला वाटलंच नसतं.

"नाही," ती म्हणाली.

आत गेली तेव्हा बाबांनी पंच्याचा बोळा तोंडाशी दाबून धरला होता. खोकला दाबून दाबून डोळ्यांत पाणी आलं होतं.

"छान बोललीस," ते म्हणाले.

"बाबा, मी तसं..."

"ऐकलं मी. दुसरं काय म्हणणार होतीस?"

नोकरी मिळाली, घरूनच करायची. धाकटी कॉट परत खोलीत मांडायला लागली, तर बाबांनी हात आडवा केला. "इथेच टाक, गॅसपाशी. रोजच लोक बघणार तुला." ती रागावली, रडली, पण त्यांनी ऐकलं नाही. खोलीत आता ती एकटीच बसायची.

पहिल्या पगाराला ताईचा फोन आला. "बाबांना दे ना."

धाकटी फोन घेऊन आत गेली. बाबा जागेच होते, भिंतीकडे तोंड करून.

"झोपलेत म्हणून सांग," ते हळूच म्हणाले.