विंचूकाट्याकडे पाठ करून

ओव्हाळ सरांना आपल्या ईमेलचा जरा अभिमानच होता. लोणावळ्याच्या त्या शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवता शिकवता त्यांनी आजवर पालकांना ईमेल पाठवले ते फीचे आणि सहलीचे. पण यंदा शाळेनं यंत्राकडून लिहून घेतलेले निबंध पकडणारं ते नवं सॉफ्टवेअर घेतलं, पालकांत कुजबुज सुरू झाली, आणि मुख्याध्यापिका मॅडम म्हणाल्या, "प्रदीप सर, तुम्हीच लिहा काहीतरी. समजेल असं." सरांनी मन लावून लिहिलं, इंग्रजीत आणि मराठीतही.

त्यात त्यांनी सांगितलं होतं, की मुलानं लिहिलं की यंत्रानं, हे त्या सॉफ्टवेअरला दिसत नाही. वाक्यं किती ठरावीक वळणाची आहेत ते पाहून ते फक्त अंदाज बांधतं. नव्वद टक्के आले म्हणजे नव्वद टक्के मजकूर चोरीचा, असं मुळीच नाही. इंग्रजी ज्यांच्या घरात बोललं जात नाही, जी मुलं पाठ झालेल्या सरळ वाक्यांत लिहितात, त्यांच्यावर नाहक ठपका येऊ शकतो. आणि यंत्राकडून लिहून घेऊन चार शब्द फिरवणारा हुशार गडी सहीसलामत सुटू शकतो. म्हणून आकडा आला की शाळा फक्त चौकशी करील, शिक्षा नाही. 'केवळ आकड्यावरून आम्ही काहीही ठरवणार नाही. मुलानं ते कसं लिहिलं, हे आधी समजून घेऊ.' हे शेवटचं वाक्य सरांनी ठळक केलं होतं.

मग नववीतल्या स्नेहलचा निबंध आला.

स्नेहल लोहगडवाडीची. सकाळी डोंगर उतरून मळवलीला यायची, तिथून लोकलनं लोणावळा. वर्गात ती मागच्या बाकावर बसायची आणि हजेरीपलीकडे तिचा आवाज सरांनी फारसा ऐकलाच नव्हता. निबंधाचा विषय होता, 'माझ्या ओळखीची एक जागा'. स्नेहलनं लोहगडावर लिहिलं होतं, आणि असं गुळगुळीत इंग्रजी, की सरांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. 'गडाच्या लांब सोंडेवर, विंचूकाट्यावर पोहोचलात की फोटोची घाई करू नका. आधी वारा ऐका, मग पवनेचं पाणी बघा.' सॉफ्टवेअरनं आकडा दाखवला एक्याण्णव.

सर आपल्या शब्दाला जागले, हे मात्र मान्य करायला हवं. त्यांनी आकडा बाजूला ठेवला आणि फाईलचा इतिहास उघडला. शाळेच्या संगणकावर एका बैठकीत सगळा निबंध टाईप झालेला, खाडाखोड जवळजवळ नाहीच. कच्चं लिहिलं होतंस का, म्हणून विचारलं, तर नाही म्हणाली. मग मॅडमच्या काचेच्या केबिनमध्ये तिला बोलावलं. "कसं लिहिलंस गं हे? दोन वाक्यं बोलून दाखव ना," सर शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाले. स्नेहल ओढणीच्या टोकाशी खेळत राहिली. मॅडमनी इंग्रजीत विचारलं, तेव्हा तर तिचा चेहराच बंद झाला.

झालं. आकडा, इतिहास आणि मौन, तिन्ही एकाच बाजूला. सरांनाही वाटलं, आपण नियमानं वागलो, आता कुणी बोट ठेवू शकणार नाही. सोमवारी निबंधाचे गुण शून्य करायचे असं ठरलं. बातमी वर्गात फुटायला वेळ लागत नाही. मधल्या सुट्टीत कुणीतरी तिला 'मशीनबाई' म्हणालं, आणि दुसऱ्या दिवसापासून स्नेहल शाळेत आलीच नाही.

तिसऱ्या दिवशी आली ती तिची आई. शालूबाईंचं लोहगडवाडीत ट्रेकर लोकांसाठी पिठलं-भाकरीचं छोटं हॉटेल. मोबाइलच्या नकाशावर हॉटेल दिसावं म्हणून कुणीतरी त्यांना ईमेल उघडून दिला होता, तोच शाळेत दिलेला; सरांचं पत्र त्यावरच आलं होतं. त्यांनी मोबाइल सरांपुढे धरला.

"सर, ह्ये तुमीच लिवलंय न्हवं?"

"हो, ताई."

"मंग वाचा की. हितं. जाड अक्षरात."

सरांनी आपलंच वाक्य वाचलं. "ताई, आम्ही तेच तर केलं. तिला विचारलं. ती काही बोललीच नाही."

"कुटं इचारलंत? त्या काचंच्या खोलीत?" शालूबाईंचा आवाज चढला, मग एकदम उतरला. "सर, माजी पोर लिवत न्हाई वो, ती बोलती. पाचवीत हुती तवापासनं गिऱ्हाइकाला बोलती. म्या लय सांगितलं, सरांना सांग जा. तर म्हन्ती, त्ये हाटेलातलं बोलनं, त्ये काय अभ्यास हाय व्हय? आता म्हन्ती, शाळाच नगं. डोंगर उतरून चोर म्हनून घ्याया कशाला जाऊ?" त्यांनी डोळ्याला पदर लावला. "तुमी रविवारी वर या. कसं लिवलं त्ये बगा, मंग शून्य द्या. म्या काय बोलनार न्हाई."

सर स्वतःच लिहिलेल्या वाक्यात सापडले होते.

रविवारी ते पायथ्याच्या भाजे गावातून चढून वाडीत पोहोचले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि मनात थोडी कुरकुर होती. पण हॉटेलच्या अलीकडेच त्यांचे पाय थांबले. आतून इंग्रजी ऐकू येत होतं. मोकळं, खणखणीत, मध्येच हसणारं. "...फोटोची घाई करू नका. आधी वारा ऐका, मग..." निबंधातलं वाक्य, शब्दाला शब्द. हैदराबादकडची चार-पाच मंडळी बाकांवर बसली होती आणि स्नेहल हातात ताटल्या घेऊन त्यांना गड सांगत होती. शेकडो वेळा बोलून घासून गुळगुळीत झालेली ती वाक्यं होती, कुणा पाहुण्यानं एखादा शब्द सुधारून दिलेला, कुणाला हसू आलं म्हणून एखादं वाक्य ठेवून दिलेलं. त्यात खाडाखोड कुठून सापडणार? आणि वळण ठरावीक नसेल तर काय असेल?

त्यातल्या एकीनं विचारलं, की पावसाळ्यात दगडावरून पाय घसरत नाही का? हे काही निबंधात नव्हतं. स्नेहल तशाच इंग्रजीत म्हणाली, "घसरतो ना. पण गडाचा नाही, तुमच्या बुटांचा दोष." सगळे हसले.

सर पुढे झाले. स्नेहलची नजर त्यांच्यावर पडली आणि तिचा आवाज तिथल्या तिथे बंद झाला. वाक्य अर्धंच राहिलं. तोच केबिनमधला चेहरा, तीच खाली गेलेली मान. फक्त इथे काचेची खोली नव्हती, मॅडम नव्हत्या. तिचा आवाज बंद करणारं इथे दुसरं कुणीच नव्हतं.

हे सरांच्या काळजाला लागलं. पोरीला धीर द्यावा, माफी मागावी, असं कितीतरी ओठांवर आलं. पण काही बोललं तर ती आणखीच मिटणार. त्यांनी एक खुर्ची ओढली, ती फिरवून तिच्याकडे आणि गडाकडे पाठ केली आणि खाली दिसणाऱ्या शेतांकडे बघत बसले.

मागे ताटल्या बाकांवर टेकल्याचा आवाज आला. मग पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारलं, पुढे काय? स्नेहल अडखळली, खाकरली, आणि हळूहळू विंचूकाट्यावर परत पोहोचली.

शालूबाईंनी सरांपुढे लिंबूसरबत ठेवलं. "आता आकडा किती येईल वो, सर?" त्यांनी हळूच विचारलं.

"आकडा तोच येईल, ताई. एक्याण्णवच."

"मंग?"

"मग काही नाही. गुण तिचे तिला मिळतील, मॅडमना मी सांगतो. वर्गालाही मीच सांगीन. उद्या तिला शाळेत पाठवा."

शालूबाईंनी लेकीकडे बघून काहीतरी खूण केली असावी, कारण मागचा आवाज एकाएकी वाढला. सरांनी ग्लास उचलला. तिचं बोलणं संपेपर्यंत त्यांनी मान वळवली नाही.