सात नंबरचा बॅज

वाचनखोलीतल्या बाईला सगळे पाठीमागे शंकाबाई म्हणत, आणि हे तिला ठाऊक होतं. तिला त्याचा राग नव्हता. बावीस वर्षं ती कामगारांच्या छातीवरचे बॅज उघडून त्यांना किती किरण लागले ते वाचत आली होती, आणि या कामात भोळ्या माणसाने पडूच नये असं तिचं पक्कं मत होतं. आपण उशिरा घरी गेलो तर ही आधी बुटांचे तळवे बघते, असं तिचा नवरा चारचौघांत सांगायचा. त्यात खोटं काही नव्हतं.

त्या सकाळी ओतीव लोखंडी भागांची एक्स-रे तपासणी करणाऱ्या कारखान्याचे बॅज यंत्रात होते. प्रत्येक बॅजात बोटाच्या पेराएवढ्या तीन पांढऱ्या चकत्या: एक धातूच्या पत्र्याखाली, एक प्लास्टिकखाली, एक उघडी. किरण लागला की चकतीतल्या स्फटिकात इलेक्ट्रॉन जागचे उठतात आणि जवळच्या सापळ्यांत अडकून बसतात. महिनाभर तिथेच मुक्काम. चकती तापवली की ते सुटतात आणि सुटताना प्रकाश देतात. जितका डोस जास्त तितके अडकलेले जास्त, आणि तितका प्रकाशही जास्त. यंत्र तो प्रकाश मोजतं.

सात नंबरच्या बॅजाने तिला खुर्चीवरून उठवलं. डोस निघाला अडतीस मिलिसिव्हर्ट. पाच वर्षांची सरासरी वर्षाला वीसच्या आत ठेवायची असा दंडक, आणि या गड्याने एका महिन्यात अडतीस गाठले होते.

तिचा पहिला संशय यंत्रावर. पण तापमानाबरोबर प्रकाश कसा चढला-उतरला त्याची रेषा तिने पाहिली, तर शिखर जिथे यायचं तिथेच आलं होतं. चकतीवर धूळ-तेल असतं तर रेषा अशी सुबक आली नसती. उघड्या चकतीचा प्रकाश पत्र्याखालच्या चकतीच्या कितीतरी पट होता, म्हणजे किरण एक्स-रेचेच. आता दुसरा संशय माणसावर.

दुसऱ्या दिवशी कारखान्याचे सेफ्टीसाहेब त्या माणसालाच घेऊन हजर झाले. साहेबांचे कपडे कडक इस्त्रीचे, सात नंबर मात्र रात्रभर झोपला नसावा.

"मॅडम, सरळ गोष्ट आहे," साहेब म्हणाले. "याने दोन महिन्यांपूर्वी ऑफिसात बदली मागितली. मी नाही म्हणालो. मग याने बॅज मुद्दाम मशीनपुढे ठेवला. तुम्ही फक्त लिहून द्या की डोस माणसाला लागलेला नाही. पुढचं मी बघतो."

"पुढचं म्हणजे?"

"घरी बसवणार."

"ताई, आईची शपथ," सात नंबर म्हणाला. "बदली मागितली होती, खरंय. पण बॅजाशी खेळ करायला मला काय वेड लागलंय? परत वाचा ना चकत्या. कुठेतरी चूक असेल."

"परत कशा वाचू? एकदा तापवल्या की अडकलेलं सगळं सुटून जातं. त्या आता कोऱ्या झाल्यात."

"म्हणजे पुरावाच संपला," साहेब घाईने म्हणाले. ती घाई शंकाबाईच्या नजरेतून सुटली नाही. पण सात नंबरही काही धुतल्या तांदळासारखा दिसत नव्हता. तो सारखा दाराकडे बघत होता. तिने दोघांनाही मनात एकाच रांगेत उभं केलं.

"चकत्या बेरीज सांगतात," ती म्हणाली. "किरण कधी आला, कुठून आला, हे त्यांना सांगता येत नाही. पण तुमच्याकडे बॅजात जुन्या पद्धतीची फिल्मही लावतात ना? तिची पुडी मी अजून धुतली नव्हती. आज धुतली."

तिने फिल्म उजेडाच्या पेटीवर ठेवली. अंगावरचा बॅज माणसाबरोबर वळतो, हलतो, त्यामुळे त्यातल्या पत्र्यांच्या सावल्या कडेला फिसकटतात. इथे कडा ब्लेडने कापल्यासारख्या होत्या.

"बघा! जागेवर ठेवलेला!" साहेब म्हणाले.



शंकाबाईने भिंग खाली आणलं. पत्र्यांच्या सावल्यांबरोबर बॅजाच्या पाठीवरची क्लिपही फिल्मवर पांढरी उमटली होती. म्हणजे किरण पाठीमागून आला. आणि क्लिपच्या आत एक बाकदार रेघ होती, जी कुठल्याच बॅजात नसते.

"हे काय वाकडं?"

 मग सात नंबर हळूच म्हणाला, "हूक असेल, ताई. दोनला पाळी संपली की बॅज फळीवर टांगून जातो आम्ही. माझा हूक सातवा."

"फळी कुठे आहे?"

"भिंतीवर. बॅजच्या खोलीत."

"आणि त्या भिंतीपलीकडे?"

साहेबांनी रुमाल काढला. "पलीकडे मशीन आहे. पण भिंतीत शिसं आहे, मॅडम."

"तर मग बघायला काय हरकत आहे?"

दुपारी ती मीटर घेऊन त्या दोघांबरोबर कारखान्यात पोचली. बॅजची खोली दोन खाटांएवढी: भिंतीवर हुकांची फळी आणि तिच्याकडे पाठ करून टेबल-खुर्ची. खुर्चीत बॅज देण्या-घेण्याची नोंद ठेवणारी रजिस्टरवाली बसली होती. पन्नाशीची, बोलकी. मोजणी करायची म्हणून शंकाबाईने तिला आधी बाहेर पाठवलं, मीटर खुर्चीजवळ मांडून स्वतःही बाहेर आली आणि दाराच्या काचेतून बघत मशीन लावायला सांगितलं. काटा जागचा उडाला. मग मशीन थांबवून, मीटर हलवून, पुन्हा लावून असं तासभर चाललं. सहाव्या आणि आठव्या हुकापाशी काटा जेमतेम हलायचा. सातव्यापाशी टोकाला जायचा.

फळी उतरवली तेव्हा मागे ताज्या रंगाचा तळहाताएवढा गोल दिसला. नखाने खरवडल्यावर आतली पुट्टी भुरभुर गळली.

"एसीचा पाइप हलवला गेल्या महिन्यात," सेफ्टीसाहेब म्हणाले.  "जुनं भोक बुजवलं होतं."

"पुट्टीने? आणि आतलं शिसं?"

"ते कापलेलंच राहिलं असेल. मला कळवलं नाही कोणी." मग जमिनीकडे बघत ते म्हणाले, "परवानगीवर सही माझीच आहे."

सात नंबर दाराबाहेरच्या बाकावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. शंकाबाईला त्याच्याकडे बघवेना. सकाळी आपण याला चोरांच्या रांगेत उभं केलं होतं, याची तिला शरम वाटली.

"याच्या नावावरचा डोस काढून टाकते," ती म्हणाली. "दुसऱ्या पाळीत मशीन चालू असतं तेव्हा हा इथे नसायचाच. बॅज एकटाच इथे होता."

"सुटलो," साहेब म्हणाले. "म्हणजे कोणालाच लागला नाही."

शंकाबाईने फळी होती तिथे परत धरली. सातव्या हुकाच्या पुढे, दीड हातावर, खुर्चीची पाठ होती. खुर्चीत बसलेल्या माणसाची मान नेमकी हुकाच्या उंचीला येत होती. तिने दार उघडलं.

"बाई, तुमची वेळ काय?"

"बारा ते आठ," रजिस्टरवाली म्हणाली. "ही सगळी गेली तरी मी असतेच. बॅज सांभाळायचे म्हणजे जागचं हलून चालत नाही. महिन्यात एक सुट्टी घेतली नाही मी."

शंकाबाईने पिशवीतून सात नंबरच्या डोसाचा फॉर्म काढला. अंतर मोजायचं, वेळ मोजायची, मानेला किती आणि बाकी अंगाला किती याचा हिशोब मांडायचा. सगळं करावं लागणार होतं. पण त्या हिशोबाला हाताशी आकडा एकच होता, सातव्या हुकावरचे अडतीस. तिने सात नंबरच्या नावावर रेघ मारली.

"तुमचं पूर्ण नाव सांगा."

रजिस्टरवाली हसली. "माझं कशाला? मला बॅज नाहीये, ताई. मी नुसती लिहिणारी."