सुक्या वजनावर

फोन ठेवल्यावर इर्या प्रयोगशाळेतल्या खुर्चीत बसून राहिली. पस्तिशी उलटलेली, कामाला वाघ असलेली बाई, पण आता तिला चष्माही सापडेना. तो डोक्यावर होता.

"साडेचार," असं तिने भावाला सांगितलं होतं. "तौनो, राख साडेचार टक्के. सहाच्या आत आली."

तौनो दूर परदेशात, गोथेनबर्गला गाड्यांच्या कारखान्यात होता, एकोणीस वर्षं. बापाची दलदल इकडे तशीच पडून होती. गावातली घरं तापवणाऱ्या उष्णता केंद्राने सांगितलं होतं की तिथल्या पीटमध्ये, म्हणजे त्या जळाऊ मातीत, सुक्या वजनावर सहा टक्क्यांहून कमी राख निघाली तर उन्हाळ्यापासून माल घेऊ. पीट काढायला माणूस हवा होता, आणि तो माणूस तौनो होता. "मग आजच पाळीवर मुकादमाला सांगून टाकतो, सोडतोय म्हणून," तो म्हणाला होता. एवढं बोलताना त्याचा आवाज जड झाला, आणि इर्याचाही.

केर्त्तू कॉफीचे दोन मग घेऊन आली. प्रयोगशाळेत तिची तीस वर्षं झाली होती, आणि दुसऱ्याच्या कागदात नाक खुपसणं हा ती आपला हक्क समजे.

"हे घरचं लेकरू वाटतं, बापाच्या दलदलीतलं?" नमुना तापवत त्याचं वजन मोजणाऱ्या यंत्राचा आलेख उचलून ती म्हणाली. "काय गं, ही पहिली पायरी एवढी मोठी कशी?"

"पाणी आहे ते."

"पाणी आहे हे मलाही दिसतंय. नमुना वाळवला नव्हतास?"

नव्हता. बाकीचे नमुने आदल्या दिवशी भट्टीत वाळून येतात. हा मात्र तिने सकाळी स्वतः फावड्याने काढून आणला होता. तिला उद्यापर्यंत धीर धरवला नाही. चिनी मातीच्या वाटीत एक ग्रॅम घेतला आणि तसाच ओला यंत्रात ठेवला. यंत्राला त्याचं काही नव्हतं. एकशे पाच अंशांवर ते वजन स्थिर होईपर्यंत थांबलं. एक हजार मिलिग्रॅमचे पाचशे साठ उरले. मग हवा आत सोडून साडेपाचशे अंशांपर्यंत तापवलं, जळायचं ते जळालं, रेघ पुन्हा घसरली, आणि पंचेचाळीसवर सपाट झाली.

पंचेचाळीस भागिले हजार, साडेचार टक्के. तिने तळाचा आकडा वाचला, रोज वाचते तसा. वाळलेल्या नमुन्यात पहिली पायरी इतकी बारीक असते की तळाचा आकडा वाचून मोकळं झालं तरी फारसं काही बिघडत नाही. वर्षानुवर्षं डोळ्यांना तीच सवय झालेली.

"पाचशे साठने भाग, सुक्या वजनाने," केर्त्तू हळूच म्हणाली.

इर्याने भागलं. आठ. पुन्हा भागलं, आणि आठच आलं, सहाच्या वर. दलदलीच्या त्या टोकाला जुन्या ओढ्याचा गाळ चढलेला असणार, तो न जळणारा. पाण्याचे चव्वेचाळीस टक्के काढून टाकले की गाळाला लपायला जागाच उरत नाही.

"साडेचार लिहिलंस तर कुणाला कळणारही नाही," केर्त्तू म्हणाली. "मी पाहिलंच नाही समज."

इर्याला मोह झाला. खरंच झाला. स्वयंपाकघरात टेबलाच्या पलीकडे बसलेला तौनो तिला दिसला, केस पिकलेला. मग पहिल्याच गाडीची राख केंद्रावर मोजली जाईल आणि त्याला इकडचं काम नाही, तिकडची नोकरीही नाही, हेही दिसलं. तिने घड्याळ पाहिलं. तौनोची पाळी सुरू व्हायला अजून वीस मिनिटं होती. तिने फोन उचलला.

"आठ आहे," ती म्हणाली. "मी ओल्या वजनाने भागलं. माझी चूक. मुकादमाला काही सांगू नकोस."



"म्हणजे जमत नाही तर," तो म्हणाला.

"नाही."

"बरं." मग तो म्हणाला, "इर्या, आई गेल्यापासून दर रविवारी फोन करतेस. बर्फ किती पडलं ते सांगतेस, कुणाचं छत गळतं ते सांगतेस. ये असं एकदाही म्हणाली नाहीस. आज म्हणालीस तेही राखेच्या नावाने."

केर्त्तूने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"ये," इर्या म्हणाली. "तौनो, मला फार एकटं वाटतं. ये."

त्याने नाक ओढल्याचा आवाज आला. "जूनमध्ये सुट्टी आहे. दहा दिवस. जास्त नाही मिळत."

"दहा तर दहा."

फोन ठेवून तिने अहवालाचा कागद ओढला. पाणी चव्वेचाळीस. राख, सुक्या वजनावर, आठ. खाली सही केली. तिने माणूस मागितला होता तो उरलेल्या जन्मासाठी, आणि हाती आले दहा दिवस. कॉफी निवून गेली होती. इर्या बोटांवर मोजत बसली, दहा दिवसांत दोघांची एकत्र जेवणं किती होतील.