कडी न लावलेलं दार

मराठीच्या बाईंचा स्वभाव तापट, पण मन लोण्याचं. म्हणून तर सहावीतल्या चिमणीच्या उत्तरापुढे लाल पेन अडलं होतं.

उतारा लहानसाच होता. बाबांनी तीन ताटं घेतली, एक परत फडताळात ठेवलं. एका ताटापुरती भाजी काढून झाकून ठेवली. आईच्या खोलीतला दिवा मालवला. बाहेरचं दार नुसतं लोटलं, कडी लावली नाही. मग बाबा आणि मुलगा गप्प बसून जेवले. प्रश्न होता, आई कुठे असेल? कशावरून?

साऱ्या वर्गाने आईला मारून टाकलं होतं. बाईंनाही तेच वाटलं होतं. एकटी चिमणी लिहून गेली, 'आई उशिरा येणार आहे.' पुढे 'कशावरून'ची जागा मात्र कोरी होती.

चिमणीची आई उपचारासाठी दूर गेली होती, हे बाईंना ठाऊक होतं. बिचारीला आपलंच घर दिसलं असणार, असं त्यांनी मनाशी ठरवलं. त्यांनी तिला मधल्या सुट्टीत टेबलापाशी बोलावलं.

"उत्तर चुकलंय गं. पण मी समजू शकते. अर्धा गुण देते."

चिमणीचा चेहरा पडला. "मला तसा गुण नको, बाई. मी चुकले नाही."

"अगं, लेखकाने आई येणार असं कुठे म्हटलंय?"

"मेली असंही कुठे म्हटलंय?"

बाईंचा पारा चढलाच. "शहाणी आहेस! मग लिहायचं होतंस ना कशावरून ते."

"वेळ संपला." तिने उताऱ्यावर बोट ठेवलं. "भाजी कुणासाठी झाकली? घरात दोघंच, आणि दोघं तर जेवतायत. आणि कडी लावली नाही. कुणी यायचं नसेल तर रात्री दार उघडं कोण ठेवतं?"

"आणि मालवलेला दिवा?"

"खोलीत कुणी नाही, म्हणून मालवला. आमच्याकडेही मालवतात."

बाईंनी उतारा पुन्हा वाचला, या वेळी सावकाश. गप्प जेवणारे बापलेक पाहून त्यांना रडू आलं होतं, आणि त्या भरात झाकलेली भाजी डोळ्यांपुढून निसटली होती. पोरगी घरचं दुःख वाचत नव्हती. दुःख वाचत होत्या त्या बाई. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

त्यांनी पूर्ण गुण दिला. उरलेला गठ्ठा पाहून कपाळाला हात लावला. वर्गभर मारलेल्या आया आता एकेक करून जिवंत करायच्या होत्या.

चिमणी जायला वळली आणि दारात थांबली. आता तिचा आवाज बारीक झाला होता.

"बाई, पण ती नक्की आली, असं लिहिलेलं नाही ना?"

बाईंना खोटं बोलवेना. "नाही गं, तेवढं लिहिलेलं नाही." त्यांनी तिला जवळ घेतलं. "तुमच्याकडे रात्री कडी कोण लावतं?"

"बाबा. पण हल्ली ते लावत नाहीत."